परदेशी बांधकामावर जाणाऱ्या सळई-कारागिराचा बायोडाटा : आधी कागद, मग ओळ

नागपुरातून आखाती देशांत बांधकामाच्या कामाला जाऊ पाहणाऱ्या कारागिराचा बायोडाटा साधारणपणे तीन जण वाचतात. पहिला वाचतो भरती एजंटाच्या कार्यालयातला कर्मचारी. त्याच्यापुढे कंपनीच्या कामगारांच्या एकाच मागणीसाठी आलेले शेकडो बायोडाटे असतात आणि तो पद, वय, अनुभवाची वर्षे आणि पासपोर्ट एवढेच पाहतो. दुसरा वाचतो परदेशी कंपनीचा प्रतिनिधी, जो मुलाखत घेतो आणि बहुतेक वेळा कारागिराच्या हातून काम करवून पाहतो. तिसरा वाचक म्हणजे कंपनीच्या मनुष्यबळ विभागातला माणूस. तो बायोडाट्यातल्या तारखा अनुभवाच्या पत्रांशी आणि पासपोर्टशी ताडून पाहतो. आपल्याकडचे बहुतेक बायोडाटे फक्त पहिल्याला खूश करण्यासाठी लिहिले जातात आणि तिसऱ्यापाशी अडकतात, कारण त्यांत लिहिलेल्या वर्षांना कागदाचा आधार नसतो किंवा असलेला कागद वेगळेच काही सांगत असतो.

म्हणून हा बायोडाटा उलट्या दिशेने तयार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी हातात असलेले सगळे कागद मांडावेत आणि त्यांतून जे सिद्ध होते तेवढेच ओळींत उतरवावे. ही पद्धत मी इथे एका नमुन्याच्या आधारे पूर्ण करून दाखवतो. नमुना काल्पनिक आहे, पण त्यातली प्रत्येक अडचण नागपूरच्या साइटवर रोज भेटणारी आहे. हिंगणा तालुक्यातला प्रकाश सळई बांधण्याचे काम करतो. त्याचा जन्म फेब्रुवारी 1995 चा. दहावी झाल्यावर 2011 च्या उन्हाळ्यात तो हेल्पर म्हणून कामाला लागला आणि आता, ऑक्टोबर 2025 मध्ये, त्याला सौदी अरेबियातल्या स्टील फिक्सरच्या मागणीसाठी अर्ज करायचा आहे. अनुभव किती, असे विचारले की तो ‘चौदा वर्षे’ असे सांगतो. मधल्या माणसाने त्याला ‘पंधरा लिहून टाकू’ असा सल्ला दिलेला आहे.

कागद मांडणे

सर्वांत आधी पासपोर्ट उघडावा आणि नाव त्यात जसे आहे तसेच, त्याच क्रमाने, एका कोऱ्या कागदावर उतरवून घ्यावे. आपल्याकडे पासपोर्टमध्ये स्वतःचे आणि वडिलांचे नाव ‘गिव्हन नेम’ या रकान्यात एकत्र असते आणि आडनाव वेगळ्या रकान्यात असते. बायोडाट्यात, अनुभवाच्या प्रत्येक पत्रात आणि पुढे करारात हेच नाव याच स्पेलिंगने यायला हवे. ठेकेदाराच्या हजेरीत ‘पक्या’ किंवा नुसते ‘प्रकाश’ असेल, तर पत्र मागतानाच पासपोर्टची झेरॉक्स त्याच्यापुढे ठेवावी. पासपोर्ट ईसीआर प्रकारचा, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी सरकारी मंजुरीची अट असलेला आहे का, हेही इथेच पाहावे. दहावी उत्तीर्ण असलेल्याला ही अट लागू होत नाही. मात्र पासपोर्ट काढताना गुणपत्रिका जोडली नसेल, तर दहावी झालेल्याच्या पासपोर्टवरही तो शेरा पडलेला असतो आणि नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात अर्ज करून, नवा पासपोर्ट घेऊन तो काढून टाकता येतो. पासपोर्ट ईसीआर असल्याने परदेशी काम बंद होत नाही. ठरावीक देशांसाठी उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी तेवढी घ्यावी लागते. पण बायोडाट्यात जे लिहिले आहे आणि पासपोर्टवर जे आहे, ते एकच असले पाहिजे.

दुसरा कागद बहुतेक कारागिरांच्या ध्यानातही नसतो आणि तोच सर्वांत मोलाचा असतो. तो म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा, अर्थात पीएफचा इतिहास. ज्या कोणत्या कंत्राटदाराने पीएफ कापला असेल, त्याचे नाव, कामावर घेतल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख यूएएन या पीएफ सदस्याच्या क्रमांकाने लॉगिन करून पाहता येते. सदस्य पोर्टलवर View या यादीत Service History असा पर्याय आहे आणि महिन्यागणिक जमा झालेली रक्कम पासबुकात दिसते. उमंग ॲपवरूनही पासबुक काढता येते. हा कागद कोणी घरी बसून बनवलेला नसतो, त्यामुळे परदेशी कंपनीचा माणूस त्यावर लगेच विश्वास ठेवतो. त्यात एक उणीव मात्र वारंवार आढळते. काम संपल्यावर ठेकेदार सोडल्याची तारीख भरतच नाही आणि मग नोंदीप्रमाणे कारागीर एकाच वेळी दोन ठिकाणी कामाला असल्याचे दिसते. शेवटचा हप्ता जमा झाल्यानंतर दोन महिने उलटले असतील, तर पोर्टलवर Manage मधल्या Mark Exit या पर्यायातून ही तारीख स्वतःच भरता येते. आधारशी जोडलेला मोबाइल मात्र चालू असावा लागतो.

प्रकाशने कागद मांडले, तेव्हा चित्र असे निघाले. 2011 ते मार्च 2017 तो बेसा आणि मनीषनगर भागातल्या फ्लॅट स्कीमवर एका लहान ठेकेदाराकडे होता. मजुरी दर शनिवारी रोख मिळत असे आणि कागद एकही नाही. एप्रिल 2017 ते डिसेंबर 2020 तो नागपूर मेट्रोच्या कामावर एका उपकंत्राटदाराकडे होता. पीएफ कापला जात होता, फक्त एप्रिल ते जून 2020 हे टाळेबंदीचे तीन महिने पासबुकात कोरे आहेत. जानेवारी 2021 ते ऑगस्ट 2022 तो वर्धा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर होता. तिथला पीएफ मजूर पुरवणाऱ्या एका तिसऱ्याच फर्मच्या नावाने जमा झाला आहे. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2022 तो घरच्या शेतीवर होता. नोव्हेंबर 2022 पासून तो बुटीबोरीत एका कारखान्याच्या बांधकामावर आहे.

आता हिशेब करावा. मेट्रोचे 45 महिने, त्यातून कोरे तीन वजा जाता 42. समृद्धीचे 20. बुटीबोरीचे ऑक्टोबर 2025 पर्यंत 36. एकूण 98 महिने, म्हणजे आठ वर्षे आणि दोन महिने. प्रकाशच्या बायोडाट्यावर ‘8 वर्षे’ हाच आकडा यावा. चौदा नको आणि पंधरा तर नकोच. मागणीत स्टील फिक्सरसाठी तीन ते पाच वर्षांचा अनुभव मागितलेला असेल, तर कागदांनी उभी राहिलेली आठ वर्षे भरपूर होतात, आणि वरची सहा वर्षे फुगवून हाती काही न लागता उरलेली आठही संशयात पडतात. शिवाय 2011 मध्ये प्रकाश सोळा वर्षांचा होता. जन्मतारीख पासपोर्टवर असतेच, त्यामुळे अठराच्या आतले बांधकामाचे काम दाखवले की पहिला प्रश्न तिथेच येतो. ती वर्षे बायोडाट्यात घेऊच नयेत. 2013 ते 2017 चे काम मात्र खरे आहे आणि सळईचा पाया तिथेच घातला गेला, म्हणून ते अनुभवाच्या तक्त्याखाली एका वेगळ्या ओळीत, ‘पूर्वीचे काम, पत्र उपलब्ध नाही’ असे स्पष्ट नमूद करून लिहावे. ते एकूण वर्षांच्या बेरजेत धरू नये.

नियोक्ता म्हणून कोणाचे नाव लिहायचे

इथे होणारी चूक मला सर्वाधिक नुकसानकारक वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. प्रकाशला विचारले की कुठे काम केले, तर तो सहजपणे ‘मेट्रोत’ म्हणतो आणि बायोडाट्यात कंपनीच्या जागी ‘नागपूर मेट्रो’ असे लिहिले जाते. हेतू फसवण्याचा नसतो, पण वाचणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की हा माणूस महामेट्रोच्या पगारावर होता. पडताळणीसाठी कोणी तिथे विचारणा केली, तर अशा नावाचा कर्मचारी आमच्याकडे नव्हता असेच उत्तर येणार, आणि तेही खरेच असणार.

मोठ्या कामावर निदान तीन थर असतात. प्रकल्पाचा मालक, त्याच्याकडून काम घेतलेला मुख्य कंत्राटदार आणि त्याच्याखाली सळईचे काम टनावर घेतलेला उपकंत्राटदार. कधी मजूर पुरवणारी फर्म हा चौथा थरही असतो. बायोडाट्यात नियोक्ता म्हणून त्याचेच नाव लिहावे ज्याने मजुरी दिली आणि ज्याच्या नावाने पीएफ जमा झाला. मुख्य कंत्राटदार आणि प्रकल्प यांची नावे त्याखाली वेगळ्या ओळींत द्यावीत. याने प्रकल्पाचे मोठेपण कुठेही झाकले जात नाही. परदेशी कंपनीला प्रकल्प कोणता होता हे जाणून घ्यायचेच असते, फक्त ते योग्य रकान्यात असले पाहिजे.

समृद्धीवरच्या कामात हीच गुंतागुंत आणखी एका पातळीवर होती. प्रकाश ज्याला आपला ठेकेदार समजत होता तो वेगळा आणि पीएफमध्ये दिसणारी मजूर-पुरवठा फर्म वेगळी. अशा वेळी पत्र शक्यतो पीएफमध्ये नाव असलेल्या फर्मकडूनच घ्यावे. ते मिळतच नसेल, तर ठेकेदाराच्या पत्रात ‘सदर कालावधीत वेतन व भविष्य निर्वाह निधी अमुक फर्ममार्फत दिला गेला’ असे एक वाक्य घालून घ्यावे. हे एक वाक्य दोन कागदांना जोडते.

पदनाम

नागपूरच्या साइटवर सळई बांधणाऱ्याला सर्रास ‘फिटर’ म्हणतात आणि हजेरीतही तसेच लिहिलेले असते. आखाती मागणीत फिटर म्हणजे पाइप जोडणारा किंवा यंत्रे बसवणारा कारागीर. ठेकेदाराने पत्रात नुसते ‘फिटर’ लिहिले आणि एजंटाच्या कर्मचाऱ्याने तेच टंकले, तर बायोडाटा भलत्याच गठ्ठ्यात जातो. पत्रात ‘बार बेंडर व स्टील फिक्सर’ असे पूर्ण पदनाम लिहून घ्यावे आणि बायोडाट्याच्या शीर्षस्थानी मागणीपत्रात जो शब्द असेल तोच ठेवावा. त्याच्याशेजारी गवंडी, प्लास्टर, टाइल्स, सेंटरिंग अशी आणखी चार कामे लिहिण्याचा मोह टाळावा. सगळे येते असे सांगणाऱ्याला कोणत्याही एका कामात पक्का मानले जात नाही.

अनुभवाचे पत्र

प्रकाशकडे मेट्रोच्या उपकंत्राटदाराचे एक पत्र आधीपासून होते. त्यात एवढेच लिहिले होते की, ‘प्रकाश यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले असून त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा.’ यात तारखा नाहीत, काम नाही आणि पूर्ण नावही नाही. सही आहे, पण ती कोणाची हे कळत नाही. असे पत्र जोडणे आणि न जोडणे सारखेच. उपयोगी पत्रातून पुढील गोष्टी कळल्या पाहिजेत : फर्मचे नाव, पूर्ण पत्ता आणि जीएसटी क्रमांक असलेले लेटरहेड, पत्र दिल्याची तारीख, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, पदनाम, कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, प्रकल्प आणि ठिकाण, प्रत्यक्ष केलेले काम दोन वाक्यांत, आणि सही करणाऱ्याचे नाव, हुद्दा, शिक्का व चालू फोन क्रमांक.

ठेकेदाराला मजकूर तयार करायला सांगू नये. त्याच्याकडे वेळ नसतो आणि मग वर सांगितले तसलेच पत्र मिळते. मजकूर आपणच टंकून न्यावा, त्याने वाचून, दुरुस्त करून आपल्या लेटरहेडवर छापून द्यावा. पत्र इंग्रजीत असावे. मजकुराचा आशय मी इथे मराठीत देतो :

‘प्रमाणित करण्यात येते की, श्री. (पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव), पासपोर्ट क्रमांक (…), हे आमच्या फर्ममध्ये दिनांक 3 एप्रिल 2017 ते 28 डिसेंबर 2020 या कालावधीत बार बेंडर व स्टील फिक्सर या पदावर कार्यरत होते. त्यांनी नागपूर मेट्रो प्रकल्पाच्या कामावर, मुख्य कंत्राटदार (…) यांच्या अखत्यारीत, पिअर व पिअर कॅपच्या सळई कापणे, वळवणे आणि बांधणे हे काम केले. एप्रिल ते जून 2020 या काळात टाळेबंदीमुळे साइट बंद होती. काम संपल्यामुळे त्यांना कार्यमुक्त करण्यात आले.’

टाळेबंदीचा उल्लेख मुद्दाम घेतला आहे. पासबुकातले कोरे महिने कोणी तरी पाहणारच, आणि त्याचे कारण पत्रातच सापडले की पुढे प्रश्न उरत नाही. पत्रातल्या तारखा आणि पीएफ नोंदीतल्या तारखा आधी जुळवून मगच छापायला द्याव्यात. आणखी एक बारीक गोष्ट तपासावी. पत्र दिल्याची तारीख काम सोडल्याच्या तारखेच्या आधीची नसावी. जुने पत्र हरवले म्हणून आज नवे घेत असाल, तर त्यावर आजचीच तारीख असू द्यावी. मागची तारीख टाकून घेण्याची काहीही गरज नाही.

जुना ठेकेदार अनेकदा म्हणतो, ‘आमच्याकडे लेटरहेडच नाही ना भाऊ, कशावर लिहून देऊ?’ जीएसटी नोंदणी असलेल्या फर्मकडे बिलाचे पुस्तक आणि शिक्का तरी असतोच. तेव्हा कोऱ्या कागदावर फर्मचे नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक टंकून, शिक्का व सहीसह घेतलेले पत्र चालण्यासारखे असते. त्याला गेट पास, सुरक्षा प्रशिक्षणाचे कार्ड, वेतन चिठ्ठी किंवा बांधकाम कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी त्याच ठेकेदाराने दिलेला 90 दिवसांच्या कामाचा दाखला जोडावा. प्रकाशला समृद्धीच्या कामाचे पत्र याच मार्गाने मिळाले. काम संपताना कामगाराला सेवा प्रमाणपत्र देण्याची तरतूद 1971 च्या केंद्रीय कंत्राटी कामगार नियमांतही होती, त्यामुळे हे मागणे म्हणजे ठेकेदारावर उपकाराचे ओझे टाकणे नव्हे. तरीही मागण्याची योग्य वेळ काम सोडतानाची असते, जेव्हा हिशेब व्हायचा असतो आणि दोघेही समोरासमोर असतात. बुटीबोरीत प्रकाश अजून कामावर आहे, म्हणून तिथले पत्र ‘आजतागायत कार्यरत’ असे घ्यावे आणि प्रत्यक्ष निघताना दुसरे, अंतिम तारखेचे घ्यावे.

आता गंभीर गोष्ट. पत्र नसेल तर ‘जोडून देतो’ म्हणणारे लोक भेटतात आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतात. ही बनावट पत्रे बहुधा एकाच संगणकावर तयार झालेली असतात. तीन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रांत अक्षरांचे वळण एक, वाक्ये एक आणि कधी चूकही एकच असते, त्यामुळे पाहणाऱ्याला ती एकत्र ठेवताच कळतात. पकडले गेल्यावर एजंट हात वर करतो आणि बनावट कागद वापरल्याची जबाबदारी कारागिरावर येते. परदेशात पोहोचल्यावर उघड झाले, तर परतीच्या तिकिटासह सगळा खर्च त्याच्या अंगावर पडू शकतो. एक पत्र कमी असलेला खरा बायोडाटा यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

अनुभवाची पत्रे साक्षांकित करून घेण्यासाठी कोणी आधीच पैसे मागत असेल, तर थांबावे. निवड झाल्यावर, कंपनीने किंवा त्या देशाच्या दूतावासाने लेखी मागितले तरच ते करावे.

कौशल्ये कशी लिहावीत

‘सर्व प्रकारचे स्टीलचे काम येते’ या वाक्यातून मुलाखत घेणाऱ्याला काहीच कळत नाही. त्याला चार गोष्टी हव्या असतात. कोणत्या व्यासाच्या सळईवर हात बसलेला आहे, कोणत्या प्रकारच्या रचना बांधल्या आहेत, नकाशा आणि बार बेंडिंग शेड्यूल, म्हणजे बीबीएस, वाचून स्वतः काम करता येते की मुकादमाने सांगितल्यावरच, आणि दिवसाला काम किती होते.

प्रकाशच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी सरळ लिहिता येतात. 8 ते 32 मिलिमीटर व्यास, आणि पिअर, पिअर कॅप, बॉक्स कल्व्हर्ट, राफ्ट, मशीन फाउंडेशन आणि कॉलम. पिअर कॅपचा उल्लेख त्याने टाळू नये, कारण तिथे सळया दाट असतात आणि कोणती आधी सरकवायची हा क्रम चुकला तर बांधलेले सोडावे लागते. असे काम केलेल्या माणसाची किंमत जाणकाराला लगेच कळते. कपलर लावले असतील, बार कटिंग आणि बेंडिंग मशीन चालवले असेल, तर तेही लिहावे.

तिसऱ्या गोष्टीत मात्र प्रामाणिकपणे थांबावे. बीबीएस वाचता येतो असे लिहिले, की मुलाखतीत कॉलमच्या रिंगची कटिंग लांबी काढायला सांगतात. कव्हर वजा करणे, दोन्ही हुकांची लांबी मिळवणे आणि प्रत्येक वळणाची वजावट करणे, हे कागदावर करता येत असेल तरच तो दावा करावा. आखातातल्या अनेक प्रकल्पांवर ब्रिटिश मानकाप्रमाणे शेड्यूल असते, त्यात सळईच्या आकाराला आकड्याचा कोड दिलेला असतो. सरळ सळईला 00 आणि बंद रिंगला 51, अशा प्रकारे. हे कोड माहीत नसतील तर बायोडाट्यात ‘भारतीय पद्धतीचे बीबीएस वाचता येते’ एवढेच लिहावे. ते कोड चार-आठ दिवसांत शिकता येतात आणि मुलाखतीपर्यंत शिकून घेतले तर तोंडी सांगता येईल.

चौथी गोष्ट म्हणजे दिवसाचे काम. हा आकडा अंदाजाने लिहिला तर खोटा ठरतो आणि मोजून लिहिला तर बायोडाट्यातली सर्वांत दमदार ओळ ठरते. मोजणे अवघड नाही. सळईचे दर मीटरचे किलोतील वजन d²/162 या सूत्राने निघते आणि ते सळईच्या प्रत्येक कारागिराला पाठ असते. 16 मिलिमीटरची सळई घेतली तर 256 भागिले 162, म्हणजे 1.58 किलो. 12 मीटरच्या पूर्ण सळईचे वजन जवळजवळ 19 किलो झाले. समजा, बुटीबोरीच्या राफ्टमध्ये चौघांच्या गँगने एका दिवसात अशा 60 सळया टाकून बांधल्या, तर एकूण साधारण 1,140 किलो झाले आणि माणशी 285 किलो. हा आकडा लिहिताना ‘राफ्ट, 16 मिमी, चौघांची गँग’ ही अट बरोबर लिहावी, कारण कॉलम किंवा पिअर कॅपमध्ये एवढे काम कोणाचेच होत नाही आणि हे विचारणाऱ्यालाही पक्के ठाऊक असते. चार-पाच दिवस वहीत नोंद ठेवून त्याची सरासरी घेतलेली उत्तम.

सरकारी मान्यतेच्या कौशल्य प्रमाणपत्राचा, उदाहरणार्थ पूर्वकौशल्याच्या मान्यतेखाली मिळालेल्या बार बेंडरच्या प्रमाणपत्राचा, उल्लेख क्रमांक आणि वर्षासह करावा. ते नसले म्हणून अडत नाही, पण असूनही न लिहिणारे अनेक जण आहेत.

तयार बायोडाटा

बायोडाटा इंग्रजीत, दोन पानांत, साध्या अक्षरांत असावा. आधार क्रमांक, बँक खाते, जात आणि धर्म यांपैकी काहीही त्यात लिहू नये. उंची व वजन आखाती मागण्यांत विचारतात, ते द्यावे. अपेक्षित पगाराच्या जागी ‘मागणीपत्राप्रमाणे’ असे लिहावे. प्रकाशच्या बायोडाट्याचा मुख्य भाग मराठीत मांडला तर असा दिसेल :

अर्जाचे पद : स्टील फिक्सर
एकूण अनुभव : 8 वर्षे (भारत), परदेशी अनुभव नाही
शिक्षण : दहावी उत्तीर्ण, 2011, महाराष्ट्र राज्य मंडळ, नागपूर विभाग
पासपोर्ट : क्रमांक, दिल्याचे ठिकाण नागपूर, मुदत, ईसीआर लागू नाही

नोव्हेंबर 2022 ते आजतागायत : नियोक्ता (…). प्रकल्प : कारखाना इमारत, बुटीबोरी. काम : राफ्ट, मशीन फाउंडेशन, कॉलम, 8 ते 32 मिमी, राफ्टमध्ये 16 मिमी सळईचे चौघांच्या गँगचे दिवसाला सरासरी 1.1 टन. पुरावा : पत्र, पीएफ.

जानेवारी 2021 ते ऑगस्ट 2022 : नियोक्ता (…), वेतन व पीएफ (…) मार्फत. प्रकल्प : समृद्धी महामार्ग, वर्धा जिल्हा. काम : बॉक्स कल्व्हर्ट व अंडरपास. पुरावा : पत्र, पीएफ, गेट पास.

एप्रिल 2017 ते डिसेंबर 2020 : नियोक्ता (…), मुख्य कंत्राटदार (…). प्रकल्प : नागपूर मेट्रो. काम : पिअर व पिअर कॅप. टाळेबंदीत तीन महिने काम बंद. पुरावा : पत्र, पीएफ.

पूर्वीचे काम, 2013 ते 2017 : निवासी इमारती, बेसा व मनीषनगर, हेल्पर व नंतर बार बेंडर. पत्र उपलब्ध नाही.

प्रत्येक कामापुढे ‘पुरावा’ हा शब्द लिहून कोणता कागद जोडला आहे ते नमूद करण्याची पद्धत इतर बायोडाट्यांत सहसा दिसत नाही. ती मी आग्रहाने सुचवतो, कारण तिसऱ्या वाचकाचे निम्मे काम तीच करून टाकते. सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2022 ची पोकळी तक्त्यात लपवण्यासाठी तारखा ओढूनताणून जुळवू नयेत. विचारले तर शेतीचे काम होते, हे सांगावे.

एजंटाच्या हाती देताना

नागपुरात बहुतेक वेळा आधी गाठ पडते ती मधल्या माणसाशी, तर नोंदणीकृत एजंटाचे कार्यालय मुंबईत किंवा आणखी दूर असते. बायोडाटा देण्यापूर्वी एजंटाचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या emigrate.gov.in या संकेतस्थळावरील यादीत तो चालू आहे, निलंबित आहे की रद्द, हे पाहावे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी नसलेल्याला परदेशी भरती करता येत नाही. एजंटाला घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी एवढेच असून त्याची पावती मिळाली पाहिजे. नुसता बायोडाटा ‘नोंदवून घेण्यासाठी’ पैसे मागितले तर देऊ नयेत. शंका असल्यास प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या 1800 11 3090 या मोफत क्रमांकावर विचारता येते.

या टप्प्यावर पासपोर्टची फक्त प्रत द्यावी. अनुभवाची मूळ पत्रेही दाखवून परत घ्यावीत. कागद सपाट ठेवून रंगीत स्कॅन करावेत आणि बायोडाटा, पासपोर्ट, पत्रे व पीएफ इतिहास याच क्रमाने एकच पीडीएफ फाइल करून तिला पासपोर्टवरचे नाव आणि पद द्यावे. व्हॉट्सॲपवर पाठवलेले तिरके फोटो पुढे कंपनीपर्यंत पोहोचेस्तोवर वाचण्याजोगे राहत नाहीत. काम करतानाचा छोटा व्हिडिओ मागितला, तर हेल्मेट आणि हातमोजे घालून, बांधणी करणारे हात आणि चेहरा दोन्ही दिसतील असा काढावा.

एजंट बहुधा हा बायोडाटा स्वतःच्या नमुन्यात पुन्हा टंकतो, आणि बिघाड होतो तो तिथे. आठाचे बारा होतात, स्टील फिक्सरचा फोरमन होतो, उपकंत्राटदाराचे नाव गळून तिथे प्रकल्पाचे नाव येते. म्हणून कंपनीला पाठवलेली अंतिम प्रत ईमेलवर मागून घ्यावी, आपल्या प्रतीशी ओळीओळीने ताडावी आणि बदल आढळल्यास तो दुरुस्त करण्याची विनंती लेखी पाठवावी. मुलाखतीला जाताना हीच अंतिम प्रत सोबत ठेवावी, कारण समोरच्याच्या हातात तीच असते. निवड झाल्यावर करार हाती आला, की त्यातले पदनाम, मूळ वेतन आणि नाव पुन्हा एकदा याच प्रतीशी आणि पासपोर्टशी जुळवून पाहावे. करारात ‘लेबर’ किंवा ‘हेल्पर’ असे पद आले असेल, तर सही करण्याआधीच ते बदलून मागावे. तिथे पोहोचल्यावर त्या पदाचाच पगार लागू होतो आणि आठ वर्षांची पत्रे दाखवूनही तो सहसा वाढवून मिळत नाही.